लग्न मानवलं!

(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी फाटकापाशी आपण सगळे एकमेकांना पंचवीस वर्षांनी भेटलो. मी उभी राहून ऐकत होते. पहिलं वाक्य "कशी आहेस?" हे होतं आणि दुसरं, बहुतेक सगळ्यांचं, वजनाबद्दल होतं. "अगं, ओळखलंच नाही तुला!" "काय रे, ढेरी कधी आली?" आणि आपल्या गणिताच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेनं, जे वाक्य म्हटलं तेच मी आजच्या बोलण्याचं नाव करून टाकलं. बाई म्हणाल्या, "लग्न मानवलं हो तुला!"

बाई, राग नाही आला. उलट या दोन शब्दांत एक निरीक्षण दडलेलं आहे आणि ते खरं आहे. मी कल्याणला एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आयोजकांनी मला "आहारावर काहीतरी बोल" म्हणून सांगितलं. मी ठरवलं की "काहीतरी" बोलायचं नाही. एकच गोष्ट सांगायची: लग्न झाल्यावर किंवा नवी नोकरी लागल्यावर वजन का वाढतं. आणि तीही दुसऱ्या कुणाची नाही, आमच्या घरची. कारण लोकांना दिवसभर आहार सांगणाऱ्या बाईचं स्वतःचं वजन तीन वर्षांत नऊ किलोनं वाढलं होतं आणि तिला ते कळूनही कळत नव्हतं.

२००७ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं तेव्हा माझं वजन ५४ किलो होतं. उंची १५६ सेंटिमीटर. सासर चिखलोलीला. तुम्हाला चिखलोली सांगायला नको. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं, इथे स्टेशन होणार असं आपण कायम ऐकत आलेलो. तेव्हा स्टेशन नव्हतं म्हणून कुठेही जायचं तर आधी रिक्षा. शाळेत असताना आपण दप्तर घेऊन जेवढं चालायचो, तेवढं आता शेअर रिक्षात बसून जायला लागले. पण चालणं हा या गोष्टीतला छोटा भाग. मोठा भाग आहे घड्याळाचा.

माहेरी आमचं जेवण आठ वाजता व्हायचं. वडील कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, की पानं. साडेआठला स्वयंपाकघर बंद. त्यानंतर कुणी काही खाल्लं तर आईच्या कपाळावर आठी.

सासरी आम्ही चौघं. सासरे निवृत्त, त्यांना मधुमेह, म्हणून सासूबाई आणि ते आठला जेवायचे. माझा नवरा लग्नाच्या वेळी अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी करायचा, सायकलनं जायचा, संध्याकाळी साडेपाचला घरी. २००८ मध्ये त्याला फोर्टमध्ये चांगली नोकरी मिळाली. सकाळी सातच्या आसपासची गाडी, रात्री घरी यायला सव्वानऊ. लोकलनं एका बाजूला साठ-बासष्ट किलोमीटर. इथल्या निम्म्या घरांची कथा हीच आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणांची असेल.

मी कल्याणहून साडेसहाला घरी यायचे. सासूबाई चहाला थांबलेल्या असायच्या. एकट्या चहा घ्यायला त्यांना आवडायचं नाही, आणि दिवसभरात आमच्या दोघींना बोलायला मिळायचं तेवढंच. चहाबरोबर चिवडा, नाहीतर शेव. आठला त्या दोघांची पानं वाढायची. वाढता वाढता "बघ गं, आमटीला मीठ बरोबर आहे का," म्हणून दोन घास. मग सव्वानऊला नवरा, साडेनऊला आमचं दोघांचं पान. म्हणजे माहेरी संध्याकाळी मी एकदा जेवत होते, इथे तीन वेळा तोंड हलत होतं. आणि यातल्या एकाही वेळी मी हावरटासारखी खात नव्हते. चहा सासूबाईंसाठी, घास आमटीसाठी, जेवण नवऱ्यासाठी.

रविवारचं वेगळंच. नवीन जोडपं म्हणून पहिलं वर्षभर कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं. नाहीतर नवरा सकाळी उल्हासनगरला जाऊन डाळ-पकवान घेऊन यायचा. ते मी मुद्दाम हिशेबात धरत नाही. सणवार आणि रविवार यांनाच आपण दोष देतो, पण आठवड्यातून एकदा घडणाऱ्या गोष्टीपेक्षा रोज घडणारी छोटी गोष्ट भारी पडते.

आता बाई, तुमच्या समोर गणित मांडते. चूक काढा.

२०१० च्या शेवटी मी एक वही केली. सात दिवस, फक्त संध्याकाळी सहा ते रात्री झोपेपर्यंतचं. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट तेव्हाच लिहायची, नंतर आठवून नाही. नंतर आठवून लिहिलं की चिवडा हमखास विसरतो.

माहेरी चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं असायची. ती साधारण ५० कॅलरींची. इथे चिवड्याची एक मूठ, तीस ग्रॅम, म्हणजे दीडशेच्या आसपास. शंभरचा फरक. आठ वाजताचे भात-आमटीचे घास, साठ. साडेनऊच्या जेवणात, नवऱ्याला लागतो म्हणून पोळीवर आणि भातावर तूप, तेच माझ्याही पानात. चहाचा एक चमचा, पंचेचाळीस. बेरीज झाली २०५. बस. एवढंच. एक वडापाव साधारण तीनशे कॅलरींचा धरला तर त्याच्या दोन तृतीयांश.

मला आधी विश्वास बसेना. एवढ्यानं नऊ किलो?

इथे एक नियम उपयोगी पडतो. केविन हॉल नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला तर वजनात शेवटी साधारण एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. हा सरासरीचा नियम आहे, माणसागणिक थोडा इकडेतिकडे होतो. आता २०५ ला २४ नं भागा. साडेआठ. माझं वजन पहिल्या वर्षानंतर ५८ च्या वर होतं, २०१० मध्ये ६३ झालं आणि तिथेच थांबलं.

ते "तिथेच थांबलं" फार महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटतं, थांबलं म्हणजे सुटलो. तसं नाही. जड शरीराला चालवायला जास्त इंधन लागतं, म्हणून एका टप्प्यावर वाढलेलं खाणं आणि वाढलेला खर्च यांचा मेळ बसतो. तुमच्या वजनाचा आकडा हा तुमच्या दिनक्रमाचा आकडा असतो. म्हणूनच महिनाभर उपाशी राहून चार किलो घालवले आणि पुन्हा साडेसहाचा चिवडा आणि साडेनऊचं पान सुरू झालं, की शरीर इमानदारीनं पुन्हा ६३ वर येऊन उभं राहतं. त्यात तुमच्या मनोधैर्याचा काही संबंध नाही.

नवऱ्याचं गणित तर याहून सोपं. नवी नोकरी लागण्याआधी तो ६४ किलो होता, १६८ सेंटिमीटर उंचीला. आता सायकल सुटली. आणि संध्याकाळी सहाला भूक लागणारच. जेवण थेट साडेनऊला. मग गाडी पकडायच्या आधी एक वडापाव. गाडीच्या डब्यातल्या मित्रांबरोबर, कारण तेही खायचे. आठवड्यातून पाच दिवस, रोज तीनशे. सात दिवसांत वाटले तर दिवसाला सव्वादोनशेच्या आतबाहेर. तीन वर्षांत तो ७५ झाला. आपण लग्नाला आणि नोकरीला वेगवेगळं समजतो, पण शरीराच्या दृष्टीनं दोन्हीकडे एकच घडतं: आपण कुणाबरोबर आणि किती वाजता खातो ते बदलतं.

कुणाबरोबर खातो याला खरंच एवढं महत्त्व आहे का? आहे. जॉन द कास्त्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांकडून त्यांच्या जेवणाच्या वह्या लिहून घेतल्या. माणसं एकटी जेवताना जेवढं खातात त्यापेक्षा इतरांबरोबर जेवताना सरासरी ४४ टक्के जास्त खातात असं त्याला दिसलं. कारण अगदी साधं: सोबत असली की आपण पानावर जास्त वेळ बसतो. गप्पा संपत नाहीत, हात रिकामा राहत नाही, कुणीतरी "अर्धी पोळी घे" म्हणतं.

आणि आता बाईंच्या वाक्याकडे येते. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६९ नवविवाहित जोडप्यांची चार वर्षं नोंद ठेवली होती, वजनाची आणि संसारातल्या समाधानाचीही. जी माणसं संसारात जास्त समाधानी होती, त्यांचं वजन जास्त वाढलं. ज्यांना वेगळं व्हावंसं वाटत होतं, त्यांचं कमी वाढलं. अभ्यासकांचा तर्क असा की समाधानी माणसाला जोडीदार शोधायचा नसतो, म्हणून वजनाकडे त्याचं लक्ष राहत नाही. थोडक्यात, आपल्या आज्या-पणज्या जे दोन शब्दांत सांगत होत्या, ते सिद्ध करायला त्यांना चार वर्षं लागली. लग्न मानवतं.

मग वाढू दे की, बिघडलं काय? मीही असंच म्हणत होते, २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत. नवऱ्याच्या कार्यालयात वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी साखर ११४. शंभरच्या खाली असायला हवी. १२६ पासून पुढे मधुमेह. तो ३३ वर्षांचा होता. त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि काही बोलला नाही. समोर सासरे बसले होते. त्यांच्या पायाच्या जखमेला मी तेव्हा रोज ड्रेसिंग करत होते, तीन महिने झाले भरत नव्हती. त्यांनी चष्मा लावून तो आकडा वाचला आणि उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तुम्ही म्हणाल, ७५ किलो म्हणजे काही फार नाही. गोऱ्या माणसाला नसेल. आपलं शरीर वेगळं आहे, आणि हे जगाला दाखवणारे डॉक्टर आपल्या पुण्याचेच, के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. आपण दिसायला बारीक, आतून लठ्ठ. स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती जमते पोटात. म्हणून जगात निर्देशांक २५ झाला की जास्त वजन मानतात, आपल्याकडे २३ लाच सावध व्हायला सांगतात आणि २५ ला लठ्ठपणा म्हणतात. माझा २६ झाला होता, नवऱ्याचा साडेसव्वीस.

घरी पाहायचं असेल तर निर्देशांक सोडा, एक दोरी घ्या. स्वतःच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. सकाळी, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती लावा. पोट आत ओढायचं नाही, पी.टी.च्या सरांपुढे ओढायचो तसं तर मुळीच नाही. दोन टोकं एकमेकांना भिडली नाहीत तर समजायचं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. आधी जे चुकलं ते.

पहिलं म्हणजे मी नवऱ्याला "डाएट"वर घातलं. तो एकटाच. आम्ही तिघं पोळी-भाजी-भात, त्याच्या पानात काकडी-गाजर आणि एक फुलका. एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी मला त्याच्या बॅगेत वडापावचा कागद सापडला. मी रागावले, तो गप्प. मग एकदम म्हणाला, "घरात पाहुण्यासारखं वेगळं पान लागतं माझं. आजारी माणसासारखं." त्याचं बरोबर होतं. खाणं दोघांचं मिळून बदललं होतं आणि दुरुस्ती एकट्यानं करायची, हे जमणार कसं? रुग्णालयात मी शेकडो नवऱ्यांना असेच कागद लिहून दिले होते. आज लिहीत नाही. जोडीनं बोलावते.

त्याच रात्री आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. तो म्हणाला, "खरं सांगू? साडेनऊला मला तेवढी भूक नसते. पण तू थांबलेली असतेस, म्हणून पोटभर जेवतो." मी त्याच्याकडे बघतच राहिले. कारण मलाही साडेनऊला भूक नसायची. तो एकटा जेवला तर त्याला वाईट वाटेल, म्हणून मी जेवत होते. तीन वर्षं आम्ही दोघं, भूक नसताना, एकमेकांसाठी जेवत होतो. त्यातून जमा झालेले वीस किलो आमच्या दोघांच्या अंगावर होते.

मग आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, वेळ. नवऱ्याच्या डब्याबरोबर एक छोटा दुसरा डबा जाऊ लागला, संध्याकाळी सहाचा. त्यात एक पोळी आणि कोरडी उसळ किंवा भाजी. कधी फुटाणे आणि एक फळ. हा नाश्ता नव्हे, हे रात्रीचंच अर्धं जेवण आहे असं ठरवलं. घरी आल्यावर उरलेलं अर्धं: एक वाटी भात, वरण किंवा उसळ, भाजी, ताक. पोळी नाही, कारण ती खाऊन झालेली. "डब्यातल्या मित्रांचं काय?" हा प्रश्न होताच. पहिले आठ दिवस त्यांनी चिडवलं. मग त्यांतले दोघं आपापला डबा आणू लागले. सोबतीनं खाणं वाढतं तसं सोबतीनं सुधारतंही.

दुसरी गोष्ट माझी, आणि ती जास्त अवघड होती. मी सासू-सासऱ्यांबरोबर आठला जेवायचं आणि साडेनऊला नवऱ्यासमोर नुसतं बसायचं, ताकाचा पेला घेऊन. सासूबाईंना कसं सांगायचं? नवऱ्याआधी जेवणारी सून, हे त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. मी दोन दिवस शब्द जुळवत होते. शेवटी साडेसहाच्या चहाला सांगून टाकलं. त्या बराच वेळ बशीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे सेकंड शिफ्ट करायचे तेव्हा मी रात्री साडेबारापर्यंत थांबायची. भुकेनं पित्त व्हायचं. मला कुणी म्हटलं नाही गं, की तू जेवून घे." त्या दिवसापासून त्याच मला आठला हाक मारू लागल्या.

चिवडा मात्र त्यांनी सोडला नाही, आणि मी सोडवलाही नाही. तो डबा ओट्यावरून वरच्या फडताळात गेला आणि चहाबरोबर बशीत मोजके दोन चमचे आले. डब्यातून मूठ आणि बशीत चमचे, यांत पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडतो. गप्पा तेवढ्याच झाल्या.

तिसरी गोष्ट तेलाची. वेगवेगळ्या भाज्यांतलं तेल मोजत बसणं कुणाला जमत नाही. मी नवा डबा फोडला की त्यावर मार्करनं तारीख लिहू लागले. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे असतं. चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर. म्हणजे पाच लिटरचा डबा जवळपास सहा आठवडे जायला हवा. आमचा पहिला डबा २५ दिवसांत संपला. कुणाला काही बोलावं लागलं नाही, तारीखच बोलायची. सासूबाईंनी फोडणीला पळीऐवजी चमचा वापरायला सुरुवात केली आणि कढईतलं तळणीचं तेल पुन्हा वापरायचं म्हणून तळणाचा दिवस दोनदा यायचा, तो एकदा झाला. पाचव्या महिन्यात डबा ३८ दिवस पुरला. त्या दिवशी त्यांनी तो रिकामा डबा मला मुद्दाम आणून दाखवला.

आठ महिन्यांत नवरा ७० वर आला, मी ५९ वर. उपाशीपोटीची साखर ९८. वजन आम्ही आठवड्यातून एकदाच करायचो, रविवारी सकाळी, चहाच्या आधी. रोज काटा बघू नका. पाण्यानं आणि मिठानं किलोभर इकडेतिकडे होतंच, उगाच जीव टांगणीला लागतो.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण २०२० आलं. टाळेबंदीत नवरा घरी, दुपारचं जेवण घरी, संध्याकाळचा दुसरा डबा बंद, आणि घरात बसून माणसं करणार काय? चार वाजता भजी, सहाला चहा, दहाला जेवण. मी मात्र रोज रुग्णालयात. पाच महिन्यांत त्याचे चार किलो परत आले, माझा एक. मला तेव्हा त्याचा राग आला नाही. दिनक्रम बदलला, आकडा बदलला. आम्ही परत वही काढली, परत सहा वाजताचं अर्धं जेवण सुरू केलं, घरातल्या घरात, डब्यातच भरून. डबा उघडला की जेवण संपतं, पातेल्यातून घेतलं की संपत नाही.

एक सावधगिरीची सूचना, कारण इथे टाळ्या वाजवून घरी जाऊन कुणी सगळं लग्नावर ढकलू नये. खाण्यात काही बदल नसताना एक-दोन महिन्यांत तीन-चार किलो वाढले. सतत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, पाळी अनियमित होणं. पायावर बोटानं दाबल्यावर खड्डा राहणं. यांपैकी काही असेल तर ते दिनक्रमाचं वजन नाही. थायरॉइड तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही वजन वाढतं. तेव्हा औषध मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं. आणि बाळंतपणानंतरच्या वजनाचं गणित पूर्ण वेगळं आहे, ते या हिशेबात बसवू नका.

आपल्यातल्या काहींच्या मुलींची लग्नं आता चार-पाच वर्षांवर आली आहेत, काहींच्या मुलांना पुण्या-बंगळुरूला पहिली नोकरी लागते आहे. त्यांना "जपून खा" सांगू नका, ते ऐकणार नाहीत. आपण तरी कुठे ऐकलं होतं? त्यांना एवढंच विचारा, की संध्याकाळी सहाला तू काय खातोस, रात्री किती वाजता जेवतोस, आणि कुणासाठी थांबतोस. पहिल्या सहा महिन्यांतच विचारा. तेव्हा दिनक्रम अजून ओला असतो, वळवता येतो. तीन वर्षांनी विचारलंत तर त्याचे किलो झालेले असतात.

सासरे २०१६ मध्ये गेले. शेवटची दोन वर्षं ते रात्री पुन्हा पानावरून उठायचे नाहीत. मुलगा सव्वानऊला येईपर्यंत बसून राहायचे आणि त्याच्या ताटात काय आहे ते बघून मग झोपायला जायचे. आजही साडेनऊला नवरा जेवायला बसतो, मी समोर ताकाचा पेला घेऊन बसते, आणि सासूबाई, आता त्या ८१ वर्षांच्या आहेत, दिवाणावरून विचारतात, "डबा खाल्लास का रे सहाला?"

बाई, लग्न मानवलंच मला. फक्त आता आम्ही एकमेकांसाठी थांबतो आणि जेवतो मात्र आपापल्या भुकेनं.

खाली जेवण तयार आहे असा निरोप आला आहे. आज मोजू नका. पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पान कुणाचं वजन वाढवत नाही. पण दुसऱ्याला आग्रहाची जिलेबी वाढण्याआधी एकदा विचारा, "भूक आहे का?"